वर्मूथ, पोर्ट आणि मार्टिनी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्टिनी, म्हणजे जिन आणि वर्मूथचं थंड कॉकटेल, घरी नीट जमत नाही अशी तक्रार करणाऱ्यांना मी आधी एकच विचारतो : वर्मूथची बाटली कधी उघडली आणि सध्या कुठे ठेवली आहे? उत्तर बहुधा ठरलेलं असतं. बाटली कपाटात, जिन आणि व्हिस्कीच्या शेजारी उभी असते आणि कधी उघडली ते कुणालाच आठवत नाही. जिन बदलून पाहिली जाते, ऑलिव्ह बदलले जातात, ग्लासही नवे येतात. ती बाटली मात्र तिथेच असते. पुढच्या प्रश्नांपैकी बरेचसे या बाटलीभोवतीच फिरतात.

वर्मूथ म्हणजे नेमकं काय? ती वाईन की लिकर?

वाईनच. युरोपीय संघाच्या नियमांनुसार वर्मूथमध्ये किमान 75 टक्के वाईन असावी लागते, वरून बहुधा मद्यार्क घातलेला असतो आणि तयार पेयातलं अल्कोहोल 14.5 ते 22 टक्क्यांच्या मध्ये असावं लागतं. आणखी एक अट आहे, तिच्यामुळेच ही चीज इतर वाईनपासून वेगळी पडते : चवीत आर्टेमिसिया कुळातल्या वनस्पतीचा अंश असलाच पाहिजे. चैत्रात जोतिबाला वाहतात तो आपला दवणा याच कुळातला. युरोपात वापरतात त्या जाती जास्त कडू असतात, पण दवण्याच्या वासातला तो गोडसर-उग्र हिरवेपणा ओळखीचा असेल, तर वर्मूथचा पहिला वास घेताना तुम्ही अगदीच परक्या मुलखात नसता.

आर्टेमिसियाच्या जोडीला प्रत्येक घराण्याचं आपलं मिश्रण असतं : कडू संत्र्याची साल, धणे, जायफळ, कॅमोमाइल, दालचिनी, मुळं आणि साली. ही सामग्री वाईनमध्ये किंवा मद्यार्कात भिजवून तिचा अर्क काढतात. गोड प्रकारात बरीच साखर घालतात, ड्रायमध्ये थोडीच.

वाईनमध्ये वनौषधी घालण्याची रीत खूप जुनी आहे. आज आपण जिला वर्मूथ म्हणतो तिची व्यापारी सुरुवात इटलीतल्या तोरिनो शहरात झाली. तिथे 1786 साली आंतोनियो बेनेदेत्तो कार्पानो यांनी ती विकायला घेतली असं मानलं जातं. ती गोड होती. फिकट, कोरडी फ्रेंच वर्मूथ पुढच्या शतकात आली. मार्टिनीत लागते ती ही दुसरी.

मग फोर्टिफाइड वाईन म्हणजे काय? पोर्टही त्यातलीच ना?

हो. ज्या वाईनमध्ये वरून मद्यार्क घालून तिची ताकद वाढवलेली असते ती फोर्टिफाइड. पोर्ट, शेरी, मदेरा, मार्साला आणि वर्मूथ या सगळ्या त्या मोठ्या घरातल्या. पण मद्यार्क *कधी* घातला आणि *कशासाठी* घातला, यावर त्यांचे स्वभाव ठरतात.

पोर्ट पोर्तुगालच्या दोरो नदीच्या खोऱ्यात होते. 1756 मध्ये त्या प्रदेशाची हद्द आखली गेली. द्राक्षांचा रस आंबायला लागतो, यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करत जातं आणि साधारण निम्मी साखर शिल्लक असतानाच त्यात द्राक्षांपासून काढलेला, सुमारे 77 टक्के ताकदीचा मद्यार्क ओततात. एवढ्या अल्कोहोलमध्ये यीस्ट मरतं आणि आंबणं जागीच थांबतं. उरलेली साखर तशीच राहते. पोर्टचा गोडवा हा असा त्या द्राक्षांचाच असतो, वरून घातलेला नसतो. तिच्यात मसाला किंवा वनस्पती काहीही नसतं. तयार पोर्ट साधारण 19 ते 22 टक्क्यांची असते.

वर्मूथ उलट्या बाजूने येते. आधी एक साधी, बऱ्याचदा मुद्दाम सौम्य चवीची पांढरी वाईन तयार होते. मग तिच्यात मद्यार्क, वनस्पतींचा अर्क आणि साखर घालतात. लाल दिसणारी गोड वर्मूथसुद्धा बहुतेक वेळा पांढऱ्या वाईनचीच असते. तिचा रंग जळक्या साखरेचा, म्हणजे कॅरमेलचा. पोर्टमध्ये तुम्ही द्राक्ष चाखता, वर्मूथमध्ये वनस्पतींचं मिश्रण. तिथली वाईन त्या मिश्रणाला अंग देते आणि आंबटपणा पुरवते.

शेरीचं तिसरंच. स्पेनमधल्या हेरेझ भागात वाईन पूर्ण आंबू देतात, साखर जवळजवळ संपते आणि मग मद्यार्क घालतात. त्यामुळे फिनो शेरी खडखडीत कोरडी असते. मार्टिनीच्या प्रश्नात ती पुन्हा येईल, म्हणून इथेच ओळख करून दिली.

गोव्यात मिळते ती पोर्ट वाईन आणि ही पोर्ट एकच का?

नाही. गोव्यात पिढ्यान् पिढ्या पोर्ट वाईन या नावाने विकली जाणारी बाटली म्हणजे इथेच बनणारी गोड लाल वाईन. पोर्तुगीज अमलातून चव आणि नाव दोन्ही आलं, पण दोरोचे नियम तिला लागू नाहीत. तिथल्या द्राक्षजाती, तिथली लाकडी पिंपं, वर्षानुवर्षं मुरवणं यांतलं काही तिच्यात अपेक्षित नसतं. नाताळात घरोघरी ग्लासात येणारी, केकबरोबर घेतली जाणारी ही वाईन तिच्या जागी गोड लागते आणि त्या जागेचा मान तिला द्यावा. फक्त परदेशी पाककृतीत पोर्ट लिहिलं असेल आणि तुम्ही ही वापरली, तर पदार्थ जास्त गोड आणि थोडा पातळ चवीचा होईल हे धरून चाला.

दुकानात मार्टिनी लिहिलेली बाटली मिळाली. म्हणजे तयार कॉकटेल का?

इथे फार लोक फसतात. मार्टिनी हे इटलीतल्या एका वर्मूथ कंपनीचंही नाव आहे. बाटलीत वर्मूथ असते, कॉकटेल नाही. इटलीत साध्या बारमध्ये नुसतं मार्टिनी मागितलंत, तर बऱ्याचदा बर्फावर ओतलेली वर्मूथच समोर येते.

या नावाखाली निदान तीन बाटल्या दिसतात : रोसो, बियांको आणि एक्स्ट्रा ड्राय. रोसो लालसर आणि गोड. एक्स्ट्रा ड्राय फिकट आणि कोरडी, मार्टिनी कॉकटेलसाठी लागते ती. घोळ होतो तो बियांकोने. ती पांढरी दिसते म्हणून लोक ती ड्राय समजून उचलतात आणि घरी येऊन केलेलं कॉकटेल सरबतासारखं लागतं. बियांको गोडच आहे. तिच्यात व्हॅनिलाची झाक असते आणि ती सोडा, बर्फ आणि लिंबाच्या फोडीबरोबर सुरेख लागते. पण मार्टिनीसाठी नव्हे. इतर कंपन्यांच्या बाटल्यांनाही हेच लागू : रंग न पाहता लेबलवर ड्राय किंवा एक्स्ट्रा ड्राय हे शब्द शोधा.

साखरेचा अंदाज हवा असेल तर युरोपीय नियमात एक्स्ट्रा ड्राय म्हणजे लिटरला 30 ग्रॅमपेक्षा कमी, ड्राय म्हणजे 50 पेक्षा कमी आणि गोड म्हणजे 130 किंवा जास्त.

ड्राय वर्मूथ सगळ्या सारख्याच ना? कुठलीही घेतली तर चालेल?

चालेल, पण सारख्या नाहीत. फ्रान्समधल्या दोन जुन्या घराण्यांची तुलना केली की फरक लगेच कळतो.

दोलँ हे आल्प्सच्या पायथ्याशी शांबेरी गावातलं, 1821 पासूनचं. त्यांची ड्राय वर्मूथ अगदी फिकट, हलकी, डोंगरी वनस्पतींच्या ताज्या वासाची. मार्टिनीत ती जिनला फारशी अडवत नाही.

नॉयी प्रात दक्षिणेकडे, समुद्रालगतच्या मार्सेयाँ गावात बनते. मूळ पाककृती 1813 ची. पिकपूल आणि क्लेरेत या स्थानिक पांढऱ्या द्राक्षांची वाईन आधी आत मोठ्या पिंपांत राहते. मग ती लहान ओक पिंपांत भरून वर्षभर उघड्या अंगणात ठेवतात, उन्हात, पावसात, समुद्रावरच्या वाऱ्यात. पूर्वी जहाजांच्या डेकवरून जाणारी वाईन प्रवासात बदलून वेगळीच मुरायची, तो परिणाम जमिनीवर साधण्याची ही युक्ती. त्यानंतर वनस्पती तिच्यात भिजत घालतात. म्हणून नॉयी प्रात जास्त सोनेरी, भरदार, किंचित सुक्या मेव्यासारखी लागते. तिच्याबरोबर मार्टिनी जरा रुंद, जेवणाच्या जवळची होते.

माझी पसंती जिनवर ठरते. जिनला तिचा मूळ वास देणारं जुनिपर ठसठशीत असलेल्या लंडन ड्राय जिनबरोबर नॉयी प्रात टिकते. मसालेदार, लिंबूवर्गी वास असलेल्या गोव्यातल्या नव्या जिनबरोबर मला दोलँसारखी हलकी वर्मूथ बरी वाटते, कारण तिथे आधीच बोलणारे आवाज पुष्कळ असतात.

उघडलेली वर्मूथ खराब होते का? तिच्यात तर अल्कोहोल आहे.

होते. ताडी किंवा दुधासारखी नासत नाही, पोटाला काही अपाय होत नाही, पण चव जाते. 18 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असल्याने बाटलीत जिवाणू सहसा वाढत नाहीत. नुकसान करतो तो प्राणवायू.

बाटली उघडली की हवा आत शिरते. प्राणवायू वाईनमधल्या घटकांशी मिसळून त्यांना हळूहळू बदलतो. फळाचा ताजेपणा जातो, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येऊ लागतो आणि रंग गडद होतो. त्याच वेळी वनस्पतींच्या अर्कातली उडून जाणारी सुगंधी द्रव्यं बाटलीतल्या रिकाम्या जागेत जातात आणि दर वेळी झाकण उघडलं की बाहेर पडतात. डबा सतत उघडा टाकलेल्या गोड्या मसाल्याचं जे होतं तेच इथे : तिखट-कडू शिल्लक राहतं, वास जातो. ड्राय वर्मूथचं नुकसान जास्त लवकर जाणवतं, कारण ते लपवायला तिच्यात फारशी साखर नसते.

मग प्रश्न येतो : नॉयी प्रात तर वर्षभर हवेत मुरवलेली असते, ती कशी बिघडेल? मुरलेली असते ती वाईन, वनस्पती नंतर येतात. वाईनच्या सुक्या मेव्याच्या चवीला हवेचं फारसं भय उरलेलं नसतं, पण कॅमोमाइल आणि संत्र्याच्या सालीच्या वासाला असतंच. म्हणून ती दोलँपेक्षा किंचित जास्त तग धरते, पण महिनोन् महिने नाही.

मग ठेवायची कशी आणि किती दिवस?

उघडल्या क्षणापासून फ्रिजमध्ये, उभी, झाकण घट्ट लावून. आडवी ठेवली तर वाईनचा जास्त पृष्ठभाग हवेला लागतो आणि आतला द्रव झाकणाला भिजवत राहतो, म्हणून उभीच.

थंडीचा उपयोग साधा आहे. तापमान उतरलं की रासायनिक क्रिया मंदावतात, ढोबळमानाने दर 10 अंशांनी निम्म्या. मे महिन्यात मुंबईच्या किंवा नागपूरच्या स्वयंपाकघरात 35 अंश असतात आणि फ्रिजमध्ये 5. या फरकात तीच बाटली कितीतरी पट हळू बदलते. युरोपातल्या लेखांत खोलीच्या तापमानावर काही आठवडे ठेवा म्हणतात, तेव्हा त्यांची खोली आपल्या खोलीपेक्षा बरीच थंड असते. तो सल्ला इथे घेऊ नका.

फ्रिजमध्ये ड्राय वर्मूथ 4 ते 6 आठवडे मार्टिनीच्या लायकीची राहते. गोड वर्मूथ साखरेमुळे आणि दाट चवीमुळे 2 महिने, कधी थोडी जास्त. लेबलवर मार्करने उघडल्याची तारीख लिहा. या एका सवयीने अर्धे प्रश्न सुटतात, कारण आपल्या आठवणीतले दोन आठवडे बऱ्याचदा तीन महिने निघतात.

आता खरी अडचण. 750 मिलीच्या बाटलीतून दर मार्टिनीला 15 मिली काढली, तर 50 मार्टिनी निघतात. घरात कुणी सहा आठवड्यांत एवढ्या पीत नाही, आणि पिऊ नयेत. त्यावर दोन उपाय आहेत. मिळत असेल तर 375 मिलीची लहान बाटली घ्या, किंमत थोडी जास्त पडली तरी. नाहीतर नवी बाटली उघडल्या दिवशीच तिच्यातली साधारण निम्मी स्वच्छ, वासरहित लहान बाटल्यांत अगदी गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा आणि फ्रिजमध्ये मागे ठेवा. टॉनिकच्या 200 मिलीच्या काचेच्या बाटल्या, स्क्रूचं झाकण असलेल्या, याला छान. आत हवाच उरली नाही, तर ती निम्मी मूळ बाटली संपेपर्यंत शांत राहते. हवा ओढून काढणारे पंप मिळतात. ते उघडी ठेवण्यापेक्षा बरे, पण हवेबरोबर थोडा वासही ओढतात. भरलेली लहान बाटली त्याहून चांगली.

न उघडलेली बाटली अंधाऱ्या, गार कपाटात उभी ठेवा. ती वर्षागणिक सुधारत नाही, त्यामुळे साठवून ठेवण्यात काही लाभ नाही. दुकानाच्या काचेच्या खिडकीत उन्हात उभी असलेली बाटली मी घेत नाही.

पोर्टही तशीच ठेवायची का?

प्रकारावर आहे. तपकिरी झाक असलेली टॉनी पोर्ट अनेक वर्षं लाकडात, हवेच्या संपर्कात मुरते. जे व्हायचं ते तिचं आधीच झालेलं असतं. उघडल्यावर फ्रिजमध्ये ती महिनाभर, कधी जास्तही मजेत राहते. रुबी आणि लेट बॉटल्ड व्हिंटेज आठवडा ते दोन आठवडे. व्हिंटेज पोर्टची गोष्ट वेगळी : ती दोन-तीन वर्षांतच बाटलीत भरली जाते, मग पुढची दशकं हवेशिवाय बाटलीतच मुरते, म्हणून न उघडता आडवी ठेवतात आणि उघडली की दोन-तीन दिवसांत संपवतात. तळाशी गाळ असतो, म्हणून एक दिवस आधी उभी करून सावकाश दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यायची.

मदेरा या सगळ्यांत चिवट. ती बनवतानाच उष्णतेत आणि हवेत ठेवलेली असते, त्यामुळे उघडी बाटली कित्येक महिने तशीच राहते. उलट फिनो शेरी सगळ्यांत नाजूक, आठवड्याभरात संपवावी.

माझी बाटली गेली आहे हे कसं ओळखू?

आधी रंग. फिकट पिवळी असलेली ड्राय वर्मूथ गडद सोनेरी किंवा तपकिरी झाली असेल, तर वेळ निघून गेली. नॉयी प्रात मुळातच सोनेरी असते हे मात्र लक्षात ठेवा.

मग वास. थंड वर्मूथचा वास दबलेला असतो, म्हणून 15 मिली ग्लासात ओतून दहा मिनिटं बाहेर ठेवा. चांगल्या बाटलीत ताजी साल, हिरवी वनस्पती, थोडं फूल असं काही वर येतं. गेलेल्या बाटलीत दबक्या सफरचंदाचा, जुन्या अक्रोडाचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास असतो, किंवा कसलाच नसतो. चवीला आंबट आणि पोकळ, शेवटी नुसता कडवटपणा.

खात्री करायची असेल, तर नवी बाटली उघडल्या दिवशी जुनीतले शेवटचे दोन घोट शेजारी ठेवून चाखा. एकदा हा फरक जिभेवर बसला की पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही. मार्टिनीत वर्मूथ नकोच म्हणणाऱ्या बहुतेकांनी हीच जुनी बाटली चाखलेली असते.

मार्टिनीचं प्रमाण काय घ्यावं?

सुरुवात 4 : 1 ने करा. 60 मिली जिन म्हणजे आपला लार्ज पेग, 15 मिली ड्राय वर्मूथ म्हणजे एक टेबलस्पून. मोजून घ्या, बाटलीवरून अंदाजाने ओतलेली मार्टिनी पुढच्या वेळी तशीच जमत नाही.

कृती अशी. ग्लास आधी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. काचेचं एक मोठं भांडं घ्या आणि ते बर्फाने तीन चतुर्थांश भरा. बर्फ घट्ट आणि कोरडा हवा, थेट फ्रीझरमधून काढलेला. पिशवीतला, सुटायला लागलेला ओला बर्फ घेतला तर ढवळण्याआधीच पाणी जमतं. तोच वापरायचा असेल तर ते पाणी आधी ओतून टाका. वर्मूथ आणि जिन घाला आणि लांब चमच्याने भांड्याच्या कडेकडेने साधारण 30 सेकंद ढवळा. गाळून ग्लासात ओता. लिंबाच्या सालीचा पातळ तुकडा, पांढरा भाग शक्य तितका वगळून, ग्लासावर दाबा म्हणजे तेलाचे बारीक थेंब वर पडतील. आपलं कागदी लिंबू चालतं, पण त्याची साल तिखट असते, म्हणून तुकडा लहान घ्या. पिवळं मोठं लिंबू मिळालं तर उत्तम.

या ग्लासाचा हिशेब करून पाहू. भारतात बनणाऱ्या बऱ्याच जिनवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. 60 मिलीत 25.7 मिली शुद्ध अल्कोहोल, 18 टक्क्यांच्या 15 मिली वर्मूथमध्ये 2.7 मिली, मिळून 28.4. ढवळताना बर्फाचं साधारण 20 ते 25 मिली पाणी मिसळतं. म्हणजे ग्लासात 95 ते 100 मिली पेय आणि ताकद सुमारे 29 टक्के. हे पाणी मार्टिनीचा भागच आहे. ते नसेल तर जिनचा जाळ वर येतो आणि वर्मूथ ऐकूच येत नाही; जास्त झालं तर सगळं विरळ. तुमची मार्टिनी जहाल लागत असेल, तर वर्मूथ वाढवण्याआधी दहा सेकंद जास्त ढवळून पाहा.

याच हिशेबातून दुसरी गोष्टही दिसते. 28.4 मिली म्हणजे 22 ग्रॅमच्या वर अल्कोहोल, आणि तेही चार-पाच घोटांत संपणारं. दुसऱ्या ग्लासाऐवजी मी 30 मिली जिन आणि 30 मिली वर्मूथची अर्धी-अर्धी मार्टिनी सुचवेन. ती खूपच सौम्य असते, आणि ताज्या वर्मूथची खरी ओळख तिच्यातच होते.

ड्राय मार्टिनी म्हणजे वर्मूथ कमी, हे बरोबर का?

आज बारमध्ये याचा अर्थ तसाच घेतला जातो. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिन आणि वर्मूथची जी पेयं रुळली, त्यांत बऱ्याचदा गोड इटालियन वर्मूथ असायची. तिच्याऐवजी कोरडी फ्रेंच वर्मूथ घातलेली ती ड्राय. त्या काळी निम्मी निम्मी प्रमाणंही सर्रास होती. वर्मूथ नंतर हळूहळू घटत गेली आणि नुसती बाटली दाखवून जिन ओतण्यापर्यंत गोष्ट पोहोचली. थंड जिन हवी असेल तर थंड जिन प्यावी, पण मग तिला मार्टिनी म्हणण्यात मला अर्थ वाटत नाही. दोन्ही एकमेकांना सांभाळतात म्हणून हे पेय आहे : वर्मूथ आंबटपणा आणि वनस्पती आणते, जिन जुनिपर आणि धार.

हलवायची की ढवळायची?

ढवळायची. शेकरमध्ये हलवली की हवेचे बुडबुडे आणि बर्फाचे बारीक कण मिसळतात, पेय ढगाळ होतं आणि पाणी जास्त उतरतं. ढवळलेली मार्टिनी नितळ आणि जिभेवर जड, मऊ राहते.

ड्राय वर्मूथ मिळाली नाही तर पोर्ट घालू का?

लाल पोर्ट नको. तिच्यात लिटरला साधारण 100 ग्रॅम साखर असते आणि लाल द्राक्षांचा तुरटपणाही. जिन तिच्यापुढे कडवट लागते. पांढरी पोर्टही मार्टिनीत जाडच पडते. टॉनिक, बर्फ आणि पुदिन्याबरोबर पोर्तुगालमध्ये घेतात तशी घ्या, तिथे ती शोभते. खरा पर्याय फिनो शेरी. ती कोरडी, खारट, हलकी असते. 60 मिली जिनला 15 मिली फिनो, वर ऑलिव्ह. वनस्पतींचा वास नसल्याने संत्र्याच्या बिटर्सचे, म्हणजे कडू अर्काचे, दोन थेंब घाला.

मार्टिनी बनवून फ्रीझरमध्ये ठेवता येते का?

येते, आणि वर्मूथ वाचवण्याचा तो चांगला मार्ग आहे. नुसती वर्मूथ फ्रीझरमध्ये ठेवू नका, उणे 18 अंशांत ती अर्धवट गोठते. पण 500 मिली जिन, 100 मिली वर्मूथ आणि 100 मिली गाळलेलं पाणी एकत्र केलं तर सुमारे 33 टक्क्यांचं मिश्रण होतं. ते 750 मिलीच्या बाटलीत भरा, वर थोडी जागा सोडा. इथे ढवळणं नाही, म्हणून बर्फातून येणारं पाणी आधीच घालतो. कधी बर्फाचे कण दिसले तर बाटली पाच मिनिटं बाहेर ठेवून हलकेच फिरवा. एका वेळी 80 मिलीपेक्षा जास्त ओतू नका. इतकं थंड पेय नरम लागतं आणि ताकद लपवतं.

मुदत संपत आलेली अर्धी बाटली उरली आहे. काय करू?

पहिला मान पिण्याला. 60 मिली ड्राय वर्मूथ, भरपूर बर्फ, तेवढाच सोडा किंवा टॉनिक आणि लिंबाची फोड. जेवणाआधी, उकाड्यात, याच्यासारखं दुसरं नाही, आणि ताकद साध्या वाईनपेक्षाही कमी.

चव उतरायला लागली असेल तर स्वयंपाकाकडे वळवा. पाककृतीत पांढरी वाईन जिथे लागते तिथे ड्राय वर्मूथ चालते, प्रमाण थोडं कमी. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मासे आणि शिंपल्यांच्या रश्श्यात ती वापरतात. घरी कोळंबी करून पाहा : लोण्यावर ठेचलेला लसूण परता, कोळंबी टाका, रंग बदलताच 60 मिली वर्मूथ घाला आणि आच मोठी करून निम्मी आटू द्या. मीठ शेवटी, कारण आटताना चव एकवटते. आच गॅसची असेल तर ओतताना भांडं बाजूला घ्या, वाफ पेट घेऊ शकते.

आणि वास घेतल्यावर ओला पुठ्ठाच आठवत असेल, तर ती रश्श्यातही घालू नका. आटवल्यावर तो वास आणखी उठून दिसतो.